लिंगोच्या गाण्यात त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा का येतात? आणि त्यावरून निबंधात नेमकं काय म्हणता येतं?

तिरोड्याहून गोंदिया, गोंदियाहून सालेकसा, आणि तिथून पुढे दरेकशाच्या जंगलात कचारगडची गुहा. माघ पौर्णिमेला इथे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाज जमतो. कारण त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज याच गुहेत कोंडले गेले होते आणि लिंगोमुळे ते बाहेर आले.

ही कथा गद्यात सांगायला पाच मिनिटं लागतात. गायला बसलं तर रात्र पुरत नाही. परधान गायक हातात किंगरी घेऊन ती गातात, आणि ऐकणाऱ्याला एक गोष्ट लगेच जाणवते. तेच शब्द परत येतात, तेच गावाचं नाव तसंच्या तसं परत येतं. एकाने दुसऱ्याला निरोप दिला की तो निरोप पोचवतानाही सगळा पुन्हा म्हटला जातो.

आता समजा, तिरोड्यातल्या एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला "लिंगोचं महाकाव्य" या विषयावर निबंध लिहायचा आहे. तो दोन वाक्यं हमखास लिहितो. पहिलं, "या काव्यात पुनरावृत्ती आहे, म्हणून ते मौखिक आहे." दुसरं, "ते मौखिक आहे, म्हणून ते हजारो वर्षं जुनं आहे." दोन्ही वाक्यं ऐकायला बरोबर वाटतात. पण पहिलं अर्धंच बरोबर आहे, आणि दुसरं पहिल्यातून निघतच नाही.

आधी गीतेतला एक शब्द

पुनरावृत्ती नेमकं काय काम करते हे कळायला गोंडी यायलाच हवं असं नाही. घरात गीता असेल तर तीच उघडा. कृष्ण अर्जुनाला किती नावांनी हाक मारतो? पार्थ, कौंतेय, धनंजय, परंतप, महाबाहो, भारत. शाळेत शिकवतात की प्रत्येक नावामागे अर्थ आहे. "महाबाहो म्हणजे मोठ्या बाहूंचा, इथे अर्जुनाच्या हातातलं बळ गेलं आहे, म्हणून कृष्ण त्याला मुद्दाम महाबाहो म्हणतो." असं विवेचन ऐकायला छान वाटतं.

पण एकदा नुसतं शोधून पाहा की हा शब्द ओळीत कुठे येतो. गीतेचे बहुतेक श्लोक अनुष्टुभ छंदात आहेत. चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरं. पहिल्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटी छंदाला लघु, गुरू, गुरू आणि मग एक कोणतंही अक्षर लागतं. म-हा-बा-हो. अगदी मापाचा शब्द! गीतेतल्या अनुष्टुभ श्लोकांमध्ये हे संबोधन येतं ते पहिल्या किंवा तिसऱ्या चरणाच्या शेवटीच.

दुसऱ्या आणि चौथ्या चरणाच्या शेवटी माप बदलतं. तिथे लघु, गुरू, लघु आणि मग एक अक्षर हवं. तिथे महाबाहो बसत नाही. तिथे बसतात प-रं-त-प, ध-नं-ज-य. आणि कृष्णाला हाक मारायची असेल तर ज-ना-र्द-न. म्हणजे "अर्जुना" ही एकच हाक आहे, पण ओळीतल्या जागेनुसार तिचे वेगवेगळे साचे तयार ठेवलेले आहेत.

अजून एक गंमत आहे. सहाव्या आणि अठराव्या अध्यायात अर्जुनच कृष्णाला "महाबाहो" म्हणतो. मग "अर्जुनाचे हात गळाले म्हणून महाबाहो" या विवेचनाचं काय करायचं?

अमेरिकन अभ्यासक मिलमन पॅरी यांनी होमरच्या ग्रीक महाकाव्यांबद्दल हेच दाखवलं. तिथे अकिलीस बसलेला असला तरी "वेगवान पायांचा" असतो. पॅरी यांचं म्हणणं असं की ही विशेषणं त्या प्रसंगासाठी निवडलेली नसतात. ती नावासोबत आणि छंदातल्या जागेसोबत येतात. ठरावीक मापात, ठरावीक कल्पना सांगायला नेहमी वापरला जाणारा शब्दसमूह, याला त्यांनी "फॉर्म्युला" म्हटलं. मराठीत सोयीसाठी "साचा" म्हणू.

मग हे नुसतं अनुमान राहू नये म्हणून पॅरी 1933 ते 1935 या काळात युगोस्लाव्हियात गेले आणि तिथल्या जिवंत गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांच्यासोबत विद्यार्थी आल्बर्ट लॉर्ड होते. अवदो मेजेदोविच नावाच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या एका गायकाकडून त्यांनी बारा हजारांहून अधिक ओळींचं एक गाणं उतरवून घेतलं. पाठ करून इतकं? लॉर्ड यांचं उत्तर होतं: पाठ करून नाही. गायकाकडे साचे असतात आणि प्रसंगांचे ठोकताळे असतात, त्यातून तो गाता गाता ओळ घडवतो. पॅरी 1935 मध्येच वारले. हे सगळं लॉर्ड यांच्या 1960 सालच्या 'द सिंगर ऑफ टेल्स' या पुस्तकातून जगापुढे आलं.

आता परत लिंगोकडे

लिंगोची कथा पहिल्यांदा विस्ताराने छापली गेली ती 1866 साली, नागपुरात. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी, ज्यांच्या नावाने नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे, त्यांनी ती परधानाकडून उतरवून घेतली होती. 1863 मध्ये हिस्लॉप बुडून वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून छापले. त्यात गोंडी मजकूर आणि इंग्रजी भाषांतर दोन्ही आहे, आणि गाण्याचे पाच भाग केलेले आहेत.

कथा थोडक्यात अशी. सृष्टी होते, गोंड जन्माला येतात. महादेव त्यांच्यावर रागावतो. एका खारीच्या मागे धावत सगळे गुहेत शिरतात आणि दारावर मोठी शिळा बसते. चार जण मात्र सुटतात आणि काचीकोपा लोहागडला जाऊन राहतात. मग लिंगो फुलातून जन्मतो. तो या चार भावांना शेती आणि शिकार शिकवतो, रिकाड गवाडी नावाच्या म्हाताऱ्या राक्षसाकडून विस्तव आणतो, वाद्य वाजवून त्याला नाचवतो, त्याच्या सात मुली भावांसाठी आणतो. त्या मुली लिंगोच्या मागे लागतात, तो नकार देतो, त्या खोटा आळ घेतात आणि भाऊच लिंगोला मारून टाकतात. देवाच्या दरबारातून कावळा शोधायला निघतो, अमृताने लिंगो पुन्हा जिवंत होतो. मग तो कोंडलेल्या गोंडांच्या शोधात निघतो. महादेव अट घालतो: बिंदो पक्ष्याची पिल्लं आण. ती पिल्लं दर वेळी एक नाग खातो. लिंगो नागाला मारतो, पक्षी कृतज्ञ होतात, अट पूर्ण होते, गोंड सुटतात. शेवटच्या दोन भागांत लिंगो गोंडांची कुळं पाडतो, देवपूजा आणि लग्नाचे विधी लावून देतो.

आता याच कथेकडे सांध्यांच्या नजरेने पाहा. विस्तव चोरण्याचा प्रसंग अख्खा उचलून बाजूला ठेवला तरी गुहेची कथा चालते. खोट्या आळाचा प्रसंगही तसाच. तो जगभरच्या कथांमध्ये सुटा फिरतो. पिल्लं खाणारा साप आणि कृतज्ञ पक्षी हा तर इतर देशांच्या कथांतही सापडतो. लिंगोचं गाणं अशा सुट्या डब्यांच्या रेल्वेसारखं आहे. इंजिन एकच: कोंडणं आणि सोडवणं. डबे किती जोडायचे हे गायक, ऐकणारे आणि रात्र किती उरली आहे यावर ठरतं.

याला प्रसंगात्मक रचना म्हणतात, आणि ती ओळखण्याची खूण सोपी आहे. एखादा प्रसंग काढल्यावर पुढच्या प्रसंगात कुठेही त्याची आठवण काढली जात नसेल, तर तो सुटा डबा. सात मुलींचा प्रसंग मात्र पूर्ण सुटा नाही, कारण त्यातून लिंगोचा मृत्यू होतो आणि मृत्यू झाल्याशिवाय कावळा आणि अमृत येत नाहीत. इथे दोन डबे एकमेकांना घट्ट जोडलेले आहेत. निबंधात हा फरक दाखवला तर तो केवळ "कथा प्रसंगात्मक आहे" या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतो.

कचारगडला आज जी कथा सांगितली जाते तिच्यात डबे वेगळे आहेत. तिथे कोंडलेली मुलं कली कंकालीची. जंगो रायताड त्यांच्यासाठी धडपडते. लिंगो उपाय सुचवतो. आणि हिरासुका पाटालीर किंगरीच्या सुरांनी मुलांमध्ये बळ भरतो. शिळा आतून ढकलली जाते आणि तिच्याखाली हिरासुकाच सापडून मरतो. बिंदो पक्षी नाही, नाग नाही.

मग खरी कथा कोणती? 1866 ची, कारण ती आधी छापली गेली? हीच चूक बहुतेक निबंधांत होते. छापलेली जुनी म्हणजे मूळ, आणि गुहेपाशी सांगतात ती "नंतर बदललेली", असं धरलं जातं. पण हिस्लॉपना मिळाला तो एका गायनाचा कागदावर उतरलेला एक नमुना. त्याच वर्षी दुसऱ्या गावात दुसरा परधान काय गात होता, हे त्यावरून कळत नाही. दोन्हींत गुहा आहे, शिळा आहे, संगीत आहे, लिंगो आहे. संगीत हिस्लॉपच्या पाठात विस्तवाच्या प्रसंगात येतं, कचारगडच्या कथेत सुटकेच्या प्रसंगात. तोच सुर, दुसऱ्या डब्यात. निबंधाला इतकं नक्की म्हणता येतं: कोंडणं आणि सोडवणं हा गाभा दोन्ही पाठांत टिकून आहे, आणि सुटका कशी झाली हे पाठागणिक बदलतं.

पुढे आदिलाबादच्या राज गोंडांमध्ये क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनीही परधानांकडून ही कथा नोंदवली. त्यांचं पुस्तक 1948 चं आहे. तिथेही गुहेतली कोंड आणि लिंगोकडून सुटका आहे. दोन पाठांत जुळलेली गोष्ट योगायोग असू शकते. तीन ठिकाणी, तीन वेगळ्या वेळी जुळली की वाक्य जरा जोरात लिहायला हरकत नाही.

सगळ्यात मोठा खड्डा: भाषांतर

लिंगोवर इंग्रजीतून शोधायला गेलात तर एक सुंदर पद्य रूपांतर सापडतं. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ यांच्या 1871 सालच्या 'द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' या पुस्तकात ते आहे. वाचायला लागलं की शब्दांचा ठेका मनात बसतो, ओळी जोडीजोडीने येतात, एक गोष्ट दोनदा वेगळ्या शब्दांत सांगितली जाते. विद्यार्थी खूश होतो. "पाहा, गोंडी महाकाव्याची समांतर रचना!"

पण तो ठेका गोंडी नाही. फॉर्सिथ यांनी हिस्लॉपचा पाठ आटोपशीर करून, लाँगफेलो या अमेरिकन कवीच्या 'हायवाथा' या 1855 सालच्या काव्याच्या छंदात बसवला. त्यांना दोन कथांत साम्य वाटलं होतं. आणि लाँगफेलो यांनी तो छंद कुठून घेतला? फिनलंडच्या 'कालेवाला' या महाकाव्यातून. कालेवाला एलियास ल्योनरोट यांनी लोकगीतं गोळा करून 1835 मध्ये आणि वाढवून 1849 मध्ये छापलं होतं.

म्हणजे फॉर्सिथच्या रूपांतरातल्या पुनरावृत्ती मोजणारा विद्यार्थी सालेकशाच्या जंगलातल्या नव्हे, फिनलंडच्या गायकांच्या सवयी मोजत असतो. त्याही अमेरिकेमार्गे आलेल्या!

हिस्लॉपच्या भाषांतरातही धोका आहे, फक्त उलट्या बाजूने. भाषांतरकाराला तोच शब्द परत लिहायचा कंटाळा येतो. गोंडीत तीन ठिकाणी तोच साचा असला तरी इंग्रजीत "निघाला", "चालू लागला", "मार्गस्थ झाला" असे तीन प्रकार होऊ शकतात. साचा गायब! म्हणून शब्दांच्या पातळीवरचा कोणताही दावा गोंडी मजकुरावरूनच करावा लागतो. भाषांतरावरून फक्त प्रसंगांच्या पातळीवरचं बोलता येतं, कारण खार, गुहा, कावळा, नाग हे भाषांतरात हरवत नाहीत.

साचा मोजायचा कसा? उदाहरणापुरत्या बनवलेल्या तीन ओळी घेऊ: "उठला लिंगो, वाट धरली", "उठला कावळा, वाट धरली", "उठला लिंगो, रान धरलं". पहिल्या दोन ओळींत नाव बदललं, बाकी ओळ तशीच. तिसरीत वाक्याचा सांगाडा तोच, पण एक शब्द नवा. लॉर्ड यांच्या पद्धतीत गाण्यातल्या सलग काही ओळी घ्यायच्या, आणि त्याच गायकाच्या बाकी गाण्यांत जो भाग शब्दशः परत सापडतो त्याखाली सरळ रेघ मारायची. जिथे फक्त सांगाडा सापडतो तिथे तुटक रेघ. मग दिसतं की किती भाग तयार साच्यांचा आहे. अट एकच: तुलनेला भरपूर मजकूर हवा. एकाच गाण्यातल्या पन्नास ओळींवर ही रेघांची कसरत केली तर जवळजवळ काहीच परत सापडत नाही, आणि विद्यार्थी उलटा निष्कर्ष काढतो की गाणं साचेबद्ध नाहीच.

साचे सापडले. मग मौखिक आहे हे सिद्ध झालं?

इथे पहिल्या वाक्याचा अर्धा भाग गळतो. 1966 मध्ये लॅरी बेन्सन यांनी जुन्या इंग्रजीतल्या अशा कविता दाखवल्या ज्या लॅटिन ग्रंथांवरून लिहूनच केलेल्या होत्या, आणि तरी साच्यांनी भरलेल्या होत्या. आपल्याकडेही लेखणी हातात घेऊन अनुष्टुभ लिहिणाऱ्याला महाबाहो आणि परंतप तेवढेच उपयोगी पडतात. तेव्हा साच्यांवरून एवढंच म्हणता येतं की रचणारा मौखिक परंपरेत वाढलेल्या भाषेत रचतो आहे. तो त्या क्षणी गात होता की लिहीत होता, हे साचे सांगत नाहीत.

आणि गात असला तरी तो तिथल्या तिथे घडवत होता असंही नाही. राजस्थानातल्या पाबूजीच्या गायकांचा अभ्यास करणाऱ्या जॉन स्मिथ यांना आढळलं की तिथे गायक मजकूर बराचसा ठरलेलाच गातात. लॉर्ड यांचं युगोस्लाव्हियातलं चित्र सगळीकडे लागू होत नाही. परधान गायकाबद्दल काय खरं आहे, ते त्याच गायकाला तोच प्रसंग दोनदा गायला लावूनच कळेल.

हिस्लॉपच्या पाठाबद्दल ते दार बंद आहे. लिहून घेणाऱ्यासाठी गायक थांबून थांबून सांगतो, वाद्य बाजूला राहतं, चाल तुटते. हे लॉर्ड यांनीही अनुभवलं होतं. तेव्हा त्या पाठात एखादा साचा अर्धवट दिसला तर तो परंपरेतला फरक आहे की लिहिण्याच्या धांदलीतला, हे एका पाठावरून ठरवता येत नाही.

वयाचं काय? साचा कशा पद्धतीने रचलं ते सांगतो, कधी रचलं ते नाही. एखाद्या साच्यात आज बोलीतून गेलेला शब्द किंवा व्याकरणाचं जुनं रूप अडकून राहिलं असेल तर तो साचा त्या रूपाइतका जुना, इतकंच. आणि तोही साचा जुना, गाणं नव्हे. लिंगोच्या 1866 च्या पाठात महादेव, पार्वती, भगवान, अमृत हे शब्द आहेत. त्यावरून कुणी म्हणतं कथा मूळ हिंदू, कुणी म्हणतं हे सगळं नंतर घुसलं. नावं हा साच्यातला सगळ्यात सहज बदलणारा भाग आहे, हे वरच्या "उठला ___, वाट धरली" मध्ये दिसलंच. नावांवरून मूळ ठरवायला निघालेला निबंध सगळ्यात कच्च्या विटेवर उभा राहतो.

मग विशेषणांना अर्थच नसतो का? असतो, पण तो एका जागेवरून काढायचा नसतो. चार भावांचं गाव हिस्लॉपच्या पाठात "काचीकोपा लोहागड" अशा जोडनावाने परत परत येतं. ते एकदा आलं म्हणून तिथे लोखंडाचा काही खास अर्थ आहे असं लिहिता येणार नाही. पण ते जोडनाव घरी परतण्याच्या प्रसंगांतच येतं का, लिंगो मेल्यावर ते बदलतं का, एखाद्या ठिकाणी मुद्दाम टाळलंय का, हे सगळ्या जागा काढून पाहता येतं. साचा मोडलेला सापडला, आणि मोडायला छंदाचं किंवा चालीचं कारण नसलं, तर तिथे थांबून अर्थ शोधायला जागा आहे. गीतेतल्या महाबाहोचंही तसंच.

येत्या माघ पौर्णिमेला कुणी फोन घेऊन कचारगडला जाणार असेल, तर एका गायकाचा एकच प्रसंग दोन वेगळ्या दिवशी रेकॉर्ड करणं हे वीस गायकांचे वीस तुकडे रेकॉर्ड करण्यापेक्षा निबंधाच्या जास्त कामाचं आहे. आधी गायकाची परवानगी, मग गोंडी शब्द जसेच्या तसे देवनागरीत, आणि भाषांतर त्याच्या शेजारी वेगळ्या रकान्यात. गाणं कुणासमोर झालं, किती वाजता सुरू झालं, कुठे थांबवायला लागलं आणि कोणता प्रसंग गायकाने स्वतःहून गाळला, हेही त्याच कागदावर लिहून ठेवायचं. गाळलेला प्रसंग दुसऱ्या दिवशी परत आला, तर तो विसरला नव्हता, फक्त जोडला नव्हता, हे त्याच कागदावरून दिसतं.